वांग पुन्हा पुन्हा गडद का होतो: प्रकाश, घर्षण आणि क्रीम यांचा हिशेब

दोन्ही गालांचे उंचवटे, कपाळ, नाकाचा दांडा आणि वरच्या ओठाची वरची बाजू, या ठिकाणी हळूहळू उमटणाऱ्या तपकिरी, वेड्यावाकड्या कडांच्या, पण उजवीकडे आणि डावीकडे साधारण सारख्याच दिसणाऱ्या डागांना आपण वांग म्हणतो. वैद्यकीय भाषेत त्याचे नाव मेलास्मा. तो दुखत नाही, खाजत नाही, त्याची खपली निघत नाही. त्यामुळे बहुतेक जण त्याला वरवर बसलेला रंग समजतात आणि तो पुसून काढणाऱ्या क्रीमच्या शोधाला लागतात. असे क्रीम मिळते, दोन महिन्यांत डाग फिकटही होतो आणि क्रीम थांबवल्यावर काही आठवड्यांत तो पूर्वीच्या जागी, पूर्वीच्याच आकारात परत येतो. हा अनुभव घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. उपचारांची माहिती पुढे येईलच, परंतु अधिक जागा मी डागाला रोज नकळत खतपाणी घालणाऱ्या गोष्टी कशा शोधायच्या आणि एकेक करून कशा थांबवायच्या यासाठी ठेवली आहे.

आधी तो वांगच आहे याची खात्री

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळसर डाग वांग नसतो आणि चुकीच्या निदानावर केलेली मेहनत वाया जाते. उजेडात आरसा धरून पाहावे. डाग वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान, स्पष्ट कडांचे, सुटे सुटे असतील आणि हाताच्या पाठीवरही तसेच असतील, तर ते बहुधा वर्षानुवर्षांच्या उन्हाने आलेले ठिपके असतात. मुरूम, भाजणे किंवा ओरखडा यांच्या नेमक्या जागी डाग राहिला असेल, तर तो दाहानंतर उरलेला काळेपणा आहे. तो काही महिन्यांत आपोआप उतरू लागतो. रंग तपकिरीऐवजी राखाडी किंवा निळसर असेल आणि तो केसांच्या रेषेजवळ, कानशिलांवर व मानेवर पसरत असेल, तर केसांचा रंग किंवा सुगंधी पदार्थ यांची अ‍ॅलर्जी, किंवा त्वचेचा वेगळाच विकार असण्याची शक्यता असते. कानशिले आणि मान यांवरची त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागत असेल, तर तिचा संबंध अनेकदा शरीरातील इन्सुलिनच्या कार्याशी असतो आणि तेथे चेहऱ्याला क्रीम लावण्यापेक्षा रक्ततपासणी अधिक उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी नाही. एकच डाग वाढत असेल, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा तो बरा न होणाऱ्या जखमेसारखा झाला असेल, तर त्याला वांग समजून काहीही लावू नये. थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

तो परत का येतो

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. वांगाच्या जागी या पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते, परंतु त्या आकाराने मोठ्या आणि अधिक उत्तेजित झालेल्या असतात. त्यांच्या आजूबाजूलाही बदल झालेले असतात: खालच्या थरातील लवचीक तंतू उन्हाने खराब झालेले, बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या आणि वरचा व खालचा थर वेगळा ठेवणारा पातळ पडदा जागोजागी कमकुवत झालेला. या पडद्याच्या फटींतून काही मेलॅनिन खाली उतरते आणि तेथील पेशींमध्ये अडकून राहते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. वरच्या थरातला रंग पेशींबरोबर वर सरकून झडून जातो, पण त्या थराचे नूतनीकरण व्हायला एक महिना किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणून आठ ते बारा आठवड्यांच्या आत कोणत्याही उपायाचा निकाल लावू नये. दुसरी गोष्ट अशी की डाग दिसेनासा झाला तरी त्या जागेच्या रंगपेशी तशाच तयारीत बसलेल्या असतात आणि पूर्वी ज्या उन्हाने काहीच झाले नसते तेवढे ऊनही त्यांना पुरते. वांग 'बरा झाला' असे म्हणण्यापेक्षा 'आटोक्यात आहे' असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

पहिली पायरी: प्रकाशाचा हिशेब

वांग गडद करणाऱ्या सगळ्या कारणांत प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि नेमके येथेच सर्वाधिक गैरसमज आहेत. सूर्यप्रकाशाचे तीन भाग येथे महत्त्वाचे आहेत. अतिनील बी किरण त्वचा भाजतात. अतिनील ए किरण अधिक खोलवर जातात, ढगाळ दिवशीही भरपूर असतात आणि खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात, जरी तीच काच बी किरणांना जवळजवळ पूर्णपणे अडवत असली तरी. तिसरा भाग म्हणजे आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो दृश्य प्रकाश, विशेषतः त्यातला जांभळा-निळा पट्टा.

दृश्य प्रकाश निरुपद्रवी असतो असे बराच काळ मानले जात होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गडद त्वचेच्या व्यक्तींवर केवळ दृश्य प्रकाश पाडला असता त्वचा काळवंडली आणि तो काळेपणा टिकून राहिला. गोऱ्या त्वचेवर तसे झाले नाही. पुढे २०१८ मध्ये रंगपेशींमधील ऑप्सिन-३ हे प्रथिन निळा प्रकाश ओळखते आणि मेलॅनिनची निर्मिती सुरू करते, असे दाखवण्यात आले. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या माणसाला वांगाचा त्रास अधिक का होतो आणि केवळ अतिनील किरण अडवून तो का थांबत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

आता सनस्क्रीनच्या लेबलाकडे पाहू. एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा लाल होण्यापासून, म्हणजे प्रामुख्याने बी किरणांपासून मिळणारे संरक्षण सांगतो. ए किरणांसाठी काही उत्पादनांवर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हे असतात, तर काहींवर वर्तुळात यूव्हीए लिहिलेले असते. दृश्य प्रकाशासाठी मात्र लेबलावर कोणताही सर्वमान्य आकडा नसतो, तेव्हा येथे साधा तर्क वापरावा. जो लेप चेहऱ्यावर लावल्यावर पूर्णपणे अदृश्य होतो, त्याच्या आरपार आपल्याला त्वचा दिसते. याचाच अर्थ दृश्य प्रकाश त्यातून ये-जा करतो आहे. पारदर्शक सनस्क्रीन, मग त्याचा एसपीएफ ५० असो वा १००, या प्रकाशापुढे जवळजवळ निरुपयोगी असते. 'मिनरल' असे लिहिलेले, पण अतिसूक्ष्म कणांमुळे पारदर्शक बनवलेले झिंक ऑक्साइडही याला अपवाद नाही.

हा प्रकाश अडवण्याचे काम लोहाची संयुगे, म्हणजे आयर्न ऑक्साइड, करतात. ती लाल, पिवळी आणि काळी अशा तीन रंगांत येतात आणि त्यांच्या मिश्रणामुळे सनस्क्रीनला त्वचेच्या रंगाची छटा येते. अशा उत्पादनाला टिंटेड सनस्क्रीन म्हणतात. घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड हे नाव किंवा सीआय ७७४९१, सीआय ७७४९२ आणि सीआय ७७४९९ हे क्रमांक शोधावेत. सीआय ७७८९१ हा क्रमांक टायटॅनियम डायऑक्साइडचा आहे, तो पाहून फसू नये. त्यानंतर थोडे क्रीम पांढऱ्या कागदावर फासावे. ते स्पष्ट तपकिरी किंवा मातकट दिसले पाहिजे. नावापुरती गुलाबी झाक असेल, तर लोहाचे प्रमाण फार कमी आहे असे समजावे. योग्य छटा मिळत नसेल, तर नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन लावून त्यावर आयर्न ऑक्साइड असलेले फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट पावडर लावणे हा चालण्याजोगा पर्याय आहे.

जाता जाता एका भीतीचे निरसन. मोबाइल आणि संगणकाच्या पडद्यांतूनही निळा प्रकाश येतो, पण दिवसाच्या उजेडाच्या तुलनेत तो इतका क्षीण असतो की वांगाच्या बाबतीत त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पडद्यासाठी खास क्रीम विकत घेण्यापेक्षा टेबल खिडकीपासून दूर सरकवणे कितीतरी अधिक उपयोगी आहे.

दुसरी पायरी: प्रमाण मोजणे

लेबलावरचा एसपीएफ प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन मोजतात. चेहऱ्यापुरता हिशेब केला, तर हे प्रमाण सुमारे १ ग्रॅम भरते. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधले बोट या दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेषा, हे लक्षात ठेवायला सोपे माप आहे. प्रत्यक्षात लोक याच्या चौथ्या भागापासून निम्म्यापर्यंतच लावतात आणि थर पातळ झाला की संरक्षण लेबलावरच्या आकड्याच्या पुष्कळ खाली येते.

आपण किती लावतो हे आठवून सांगता येत नाही, पण ट्यूब सांगते. नवीन ट्यूब उघडल्यावर तिच्यावर पेनाने तारीख लिहावी. ५० ग्रॅमची ट्यूब केवळ चेहऱ्यासाठी दिवसातून दोनदा योग्य प्रमाणात लावली, तर सुमारे २५ दिवसांत संपते. ती तीन-चार महिने पुरत असेल, तर निष्कर्ष स्पष्ट आहे, मग तिच्यावरचा आकडा कितीही मोठा असो.

टिंटेड सनस्क्रीन एकदम पूर्ण प्रमाणात लावले तर ते चट्ट्यांसारखे दिसते आणि माणूस नाइलाजाने कमी लावू लागतो. म्हणून निम्मे प्रमाण आधी लावावे, दोन-तीन मिनिटे सुकू द्यावे आणि मग उरलेले निम्मे लावावे. चोळून जिरवण्याऐवजी बोटांनी थोपटत पसरवावे. वरचा ओठ, कपाळाची केसांजवळची कड आणि गालांचे बाहेरचे भाग हे सर्वाधिक राहून जाणारे भाग आहेत आणि वांगाची आवडती ठिकाणेही तीच. बाहेर जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी हे सगळे उरकावे. उन्हात असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर लगेच पुन्हा लावावे. दिवसभर आत बसणाऱ्याने, पण खिडकीच्या उजेडात असणाऱ्याने, निदान दुपारी एकदा.

क्रीमवरच सगळा भार टाकू नये. चारही बाजूंनी साडेसात सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद काठ असलेली टोपी कपाळ आणि गाल यांना जी सावली देते, ती कोणीही लावायला विसरू शकत नाही. केवळ पुढे चोच असलेली टोपी गालांच्या कडा उघड्या ठेवते. सावलीत उभे राहणेही पूर्ण संरक्षण नव्हे, कारण आकाशातून, पाण्यावरून आणि काँक्रीटवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश चेहऱ्यावर पडतच असतो.

तिसरी पायरी: चेहऱ्याला त्रास देणे थांबवणे

वांगाच्या जागी कोणताही दाह झाला की रंगपेशी त्याला रंग तयार करूनच उत्तर देतात. डाग घालवण्यासाठी केलेले प्रयत्नच डाग वाढवतात, ते यामुळे. खरखरीत स्क्रब, ब्रश, टॉवेलने जोरात पुसणे, ब्लीच, लिंबाचा रस, तीव्र सुगंधी क्रीम आणि एकाच आठवड्यात सुरू केलेली तीन-चार 'सक्रिय' द्रव्ये, ही नेहमीची मंडळी. क्रीम चुरचुरले म्हणजे ते काम करते आहे, ही समजूत वांगाच्या बाबतीत विशेष महाग पडते. काही सेकंदांची सौम्य चुणचुण निराळी. परंतु दहा मिनिटांनंतरही चेहरा लाल असेल, दुसऱ्या दिवशी त्वचा ताणल्यासारखी वाटत असेल किंवा साध्या पाण्यानेही झोंबत असेल, तर तो दाह आहे आणि त्याची किंमत काही आठवड्यांनी गडद रंगाच्या रूपाने चुकवावी लागते.

वरच्या ओठावरच्या डागाबद्दल वेगळे सांगायला हवे. तेथे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग वारंवार होत असेल, तर वांग आणि दाहानंतरचा काळेपणा हे दोन्ही एकमेकांवर चढतात. तीन महिने केवळ लहान कात्रीने किंवा इलेक्ट्रिक ट्रिमरने केस कापून पाहावेत. गालांपेक्षा ओठावरचा डाग लवकर उतरू लागला, तर त्यातला घर्षणाचा वाटा आपोआप कळतो.

उष्णतेनेही वांग वाढतो असे अनेक रुग्ण सांगतात, भट्टीसमोर किंवा तशाच तापलेल्या जागी काम करणारे तर विशेष. प्रकाशाइतका हा मुद्दा पक्का झालेला नाही, तरी चेहऱ्यावर वाफ घेण्याचे किंवा सौनात बसण्याचे वेड असेल तर ते सोडून पाहण्यात तोटा काहीच नाही.

चौथी पायरी: जुन्या क्रीमची झडती

हा भाग मी मुद्दाम उपचारांच्या आधी घेतला आहे. वांगावर डॉक्टर जे तिहेरी क्रीम देतात, त्यात रंगनिर्मिती रोखणारे हायड्रोक्विनोन, पेशींची उलाढाल वाढवणारे ट्रेटिनॉइन आणि दाह दाबणारे स्टेरॉइड असते. ही कल्पना १९७५ मधील असून आज सर्वाधिक अभ्यासलेल्या मिश्रणात हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्का असते. ठरावीक आठवडे, देखरेखीखाली वापरले तर हे औषध प्रभावी आहे. अडचण सुरू होते ती कोणीतरी सुचवले म्हणून ते फेअरनेस क्रीमसारखे वर्षभर लावल्याने, आणि बाजारातल्या काही मिश्रणांत याहून तीव्र स्टेरॉइड असते त्यामुळे.

स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा ओळखता येतो. त्वचा पातळ आणि गुलाबी दिसते, बारीक लाल रक्तवाहिन्या उमटतात, उन्हात जळजळ होते, अचानक मुरमांसारख्या पुळ्या येतात, कधी लव वाढते आणि सर्वांत ठळक खूण म्हणजे क्रीम दोन दिवस थांबवले की चेहरा भडकतो व पुन्हा लावल्यावर शांत होतो. असे असेल तर क्रीम स्वतःच्या मनाने एकदम न सोडता डॉक्टरांच्या मदतीने कमी करावे, कारण सोडल्यानंतरचा दाहही डाग वाढवतो. हायड्रोक्विनोनचा दीर्घकाळ वापर झाला असेल आणि डाग फिका होण्याऐवजी निळसर-काळा, खडबडीत ठिपक्यांसारखा होत असेल, तर ती ऑक्रोनोसिस नावाची विकृती असू शकते. तेथे आणखी हायड्रोक्विनोन लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

तिसरा प्रकार अधिक धोकादायक आहे. घटकांची यादी नसलेले, आठवडाभरात चेहरा उजळवणारे क्रीम असेल, तर त्यात पारा असण्याची शंका घ्यावी. लेबलावर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल किंवा मर्क्युरी असे शब्द असतील, अथवा क्रीम चांदी-सोन्याच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असेल, तर शंका बळावते. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. घरात लहान मूल असेल तर स्पर्शाने त्यालाही तो पोहोचतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने सौंदर्यप्रसाधनांतील पाऱ्यावर निर्बंध घातले आहेत, तरी अशी उत्पादने विकली जातात.

एका चेहऱ्याचा हिशेब

समजा, ३८ वर्षांच्या एका स्त्रीच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तीन वर्षांपासून वांग आहे. तिने तिहेरी क्रीम आठ आठवडे लावले, डाग बराच फिकटला. थांबवल्यावर सहा आठवड्यांत परत आला. ती रोज सकाळी एसपीएफ ५० चे पारदर्शक सनस्क्रीन एकदा लावते. ऑफिसमध्ये तिच्या डाव्या हाताला मोठी खिडकी आहे. रात्री ती ग्लायकोलिक आम्ल, जीवनसत्त्व सी आणि रेटिनॉल आलटूनपालटून लावते, दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग करते आणि दोन वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते.

सुरुवात मोजमापाने होते. तिची ५० ग्रॅमची ट्यूब पाच महिने, म्हणजे सुमारे १५० दिवस पुरली. दिवसाला ०.३३ ग्रॅम, हवे त्याच्या एक तृतीयांश, तेही दिवसातून एकदाच, आणि दृश्य प्रकाशापुढे निष्प्रभ. डावा गाल उजव्यापेक्षा थोडा अधिक गडद आहे. वांग साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून हा फरक खिडकीकडे बोट दाखवतो.

पहिल्या दिवशी ती तीन फोटो काढते: समोरून, डावीकडून, उजवीकडून, सकाळी नऊ वाजता, त्याच भिंतीसमोर, फ्लॅशशिवाय, चेहरा धुऊन अर्ध्या तासाने. रोज आरशात पाहून मत बनवू नये, कारण प्रकाश बदलला की डागही बदलल्यासारखा वाटतो. पहिले चार आठवडे रात्रीची सगळी द्रव्ये बंद. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि टिंटेड सनस्क्रीन एवढेच. खुर्ची फिरवून खिडकी पाठीमागे घेतली. थ्रेडिंगऐवजी ट्रिमर. सनस्क्रीन सकाळी आणि दुपारी प्रत्येकी एक ग्रॅम.

चौथ्या आठवड्याच्या फोटोत डाग जवळजवळ तसाच आहे, पण आजूबाजूची लाली गेली आहे आणि पाणी झोंबणे थांबले आहे. येथे अनेक जण निराश होऊन सगळे सोडतात. वस्तुतः हीच उपचार सुरू करण्यायोग्य त्वचा. आता ती २० टक्क्यांचे अझेलाइक आम्ल एका रात्रीआड लावू लागते, दोन आठवडे सहन झाले की रोज रात्री. एका वेळी एकच नवे द्रव्य, यासाठी की काही बिघडले तर दोषी कोण हे कळावे.

बाराव्या आठवड्यात उजव्या गालाच्या डागाची कड विरघळल्यासारखी दिसते, ओठावरचा डाग स्पष्ट फिकटला आहे आणि डाव्या गालावर मध्यभागी राखाडी झाक असलेला पट्टा उरला आहे. तो बहुधा खालच्या थरात उतरलेला रंग आहे. क्रीमला तो दाद देणार नाही, निदान लवकर तर नाहीच. राहिल्या गोळ्या. स्त्री-संप्रेरके वांगाला उद्युक्त करतात आणि काहींच्या बाबतीत गोळी हेच मुख्य कारण असते, तथापि ती स्वतःहून बंद करू नये. डाग गोळी सुरू केल्यानंतर आला की आधीपासून होता, हे डॉक्टरांना सांगून संप्रेरकविरहित पर्यायाबद्दल विचारावे. गोळी बदलल्यावरही डाग लगेच जाईल असे नाही.

पुढचे उपचार आणि त्यांच्या मर्यादा

अझेलाइक आम्ल हे मला सुरुवातीसाठी सर्वांत समंजस औषध वाटते, कारण त्यात स्टेरॉइड नाही आणि ते गर्भारपणातही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. गर्भारपणात वांग येणे अतिशय सामान्य आहे आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत तो अनेकींचा आपोआप फिकटतो. त्या काळात ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि पोटात घेण्याचे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल टाळावे. प्रकाशापासून संरक्षण आणि प्रतीक्षा हाच मुख्य उपचार.

हायड्रोक्विनोन सहसा २ ते ४ टक्के प्रमाणात, केवळ डागावर, तीन-चार महिन्यांच्या मुदतीने देतात आणि मग विश्रांती ठेवतात. डागाभोवती फिकट वलय दिसू लागले, तर ते आजूबाजूच्या चांगल्या त्वचेला लागते आहे असे समजावे.

हट्टी वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, काही महिने दिल्या जातात. मूलतः हे रक्तस्राव थांबवणारे औषध आहे. म्हणून पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर ते घेऊ नये. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा धूम्रपान यांच्या जोडीनेही धोका वाढतो. वरच्या उदाहरणातील स्त्रीला ते मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करणे किती चुकीचे ठरले असते, हे येथे लक्षात येईल. गोळ्या घेताना पोटरी एका बाजूने सुजली व दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

लेझर आणि तीव्र केमिकल पील हे पहिले उपाय नव्हेत. त्यांची उष्णता आणि दाह सावळ्या त्वचेत उलट अधिक गडद डाग देऊ शकतात, आणि सुरुवातीला साधलेली सफाई काही महिन्यांत मावळू शकते. कोणी पहिल्याच भेटीत लेझरचे पॅकेज सुचवले, तर त्याआधी तीन महिने प्रकाशसंरक्षण व क्रीम का नको, हे विचारावे.

फिकटल्यानंतर

डाग उतरला की औषध एकदम बंद न करता आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आणावे. ते दीर्घकाळ चालू ठेवायचे असेल, तर हायड्रोक्विनोन किंवा स्टेरॉइड नसलेले निवडावे. टिंटेड सनस्क्रीन मात्र कमी करू नये. दर महिन्याला एकदा तसाच फोटो काढत राहावे. कडा पुन्हा उठून दिसू लागल्या, तर नवे क्रीम शोधण्याआधी मागच्या तीन-चार आठवड्यांत काय बदलले ते पाहावे, कारण चिथावणी आणि डाग यांच्यात बहुधा तेवढे अंतर असते: एखादा उघड्यावरचा प्रवास, चेहऱ्यावर झालेली पुरळ, नवे सुगंधी क्रीम, जागा बदललेले टेबल. आणि ट्यूबवरची तारीख.